कापड लागलं तरी आग: नागिणीचं एक प्रकरण आणि त्यातले छप्पन तास

तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. वर्षभरात नागिणीचे बरेच पेशंट येतात, पण हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यातला पहिला उशीर माझ्याकडून झाला.

मावशींचं वय ६२. दहा-बारा वर्षांपासून साखर, गोळ्या सुरू, पण तपासणी कधी वेळेवर तर कधी नाही. शनिवारी संध्याकाळी त्या मुलाबरोबर आल्या. शुक्रवारी रात्रीपासून डाव्या कुशीत, छातीच्या खालच्या अंगाला जळजळ होत होती आणि मधूनच सुई टोचल्यासारखी कळ पाठीपर्यंत जायची. डावी बाजू, साखरेचा आजार, साठीपुढचं वय, त्यामुळे मुलगा घाबरलेला होता आणि माझंही लक्ष आधी हृदयाकडेच गेलं. ईसीजी काढला, तो नॉर्मल होता. बीपी थोडं वाढलेलं, ताप नाही, दम नाही, जेवणाशी किंवा चालण्याशी दुखण्याचा संबंध नाही.

मग छाती तपासताना स्टेथोस्कोपची चकती डाव्या कुशीवर टेकवली, तशा मावशी दचकून मागे सरल्या. मला वाटलं, चकती गार लागली. मी ती तळहातावर चोळून गरम केली आणि पुन्हा लावली, तेव्हाही त्यांनी डोळे मिटून घेतले. “डॉक्टर, नुसतं कापड लागलं तरी आग उठतीया,” असं त्या म्हणाल्यासुद्धा. ते वाक्य मी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. कागदावर ‘स्नायूचं दुखणं’ असं लिहिलं, तीन दिवसांच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दिल्या आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सांगितलं.

स्नायू दुखत असेल तर तो दाबल्यावर दुखतो, हात वर केला, वाकलं की दुखतो. मावशींना दाबल्यावर फारसं काही होत नव्हतं. वरवर शिवलं की होत होतं. दुखणं स्नायूचं नव्हतं, त्वचेला संवेदना देणाऱ्या नसेचं होतं. कापसाचा बोळा घेऊन आधी उजवीकडे आणि मग डावीकडे हलकेच फिरवला असता तर अर्ध्या मिनिटात फरक कळला असता. त्या दिवशी त्वचेवर एकही पुरळ नव्हतं, त्यामुळे नक्की निदान शक्यच नव्हतं आणि पुरळ नसताना नुसत्या संशयावर विषाणूविरोधी औषध सुरू करायची पद्धतही नाही. पण एक वाक्य सांगता आलं असतं: “रोज आंघोळीच्या वेळी ही जागा सुनेला बघायला सांगा. लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी या.” ते मी सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी सातच्या सुमारास आंघोळ करताना छातीखाली लाल चट्टे दिसले. घरच्यांना वाटलं, गरम पिशवीने भाजलं. दुपारी त्या चट्ट्यांवर बारीक पाण्याचे फोड आले, तसं शेजारच्या काकूंनी ओळखलं, “ही तर नागीण.” मंगळवारी मेडिकलमधून असायक्लोव्हिर मलमाची ट्यूब आली आणि संध्याकाळी वरून गेरूचा लेप बसला. पलीकडच्या गावात नागीण उतरवणारे एक बाबा आहेत, त्यांच्याकडे बुधवारी जायचं ठरलं होतं. मंगळवारची रात्र मावशींनी बसून काढली म्हणून मुलगा बुधवारी दुपारी तीन वाजता आधी माझ्याकडे घेऊन आला. पहिला चट्टा दिसल्यापासून छप्पन तास झाले होते.

मावशी उजव्या हाताने पदर अंगापासून लांब धरूनच आत आल्या. ब्लाउजचे खालचे हुक सोडलेले होते. कोमट पाण्याने ओलं केलेलं गॉज ठेवून आम्ही गेरू हळूहळू सैल केला, कारण खाली काय आहे हे दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खाली फोडांचे पुंजके होते. प्रत्येक पुंजक्याची बैठक लाल, त्यावर पाच-सात टपोरे फोड, काहींत स्वच्छ पाणी, काही गढूळ व्हायला लागलेले. पहिला पुंजका छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, दुसरा छातीखाली, तिसरा काखेच्या रेषेत आणि शेवटचा मागे खांद्याच्या पात्याखाली. मणक्याच्या रेषेशी येऊन सगळं थांबलेलं, जणू कोणी आखून दिलं होतं. उजवीकडे एकही ठिपका नव्हता. आजूबाजूला पू नव्हता, दुर्गंधी नव्हती. काखेजवळ दोन-तीन अगदी ताजे, फोड न धरलेले लाल ठिपके होते आणि माझ्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे होते. त्यांचा अर्थ असा की विषाणूचं काम अजून चालू होतं.

इथे थोडं थांबून ही पट्टी अशी का असते ते सांगतो, कारण मावशींच्या घरातली सगळी भीती याच प्रश्नाभोवती होती. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंना नसांच्या मुळाशी पेशींच्या गाठी असतात, त्यांत तो निपचित पडून राहतो. हा विचार १९६५ साली एडगर होप-सिम्प्सन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने नीट मांडला. तो मोठ्या संशोधन संस्थेतला नव्हता, गावात जनरल प्रॅक्टिस करणारा होता आणि वर्षानुवर्षं आपल्याच पेशंटच्या नोंदी ठेवून त्याने हे ताडलं. वय वाढलं, साखर बिघडली, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी सुरू झाली की या विषाणूवरचा शरीराचा पहारा ढिला पडतो. मग तो एखाद्या गाठीत जागा होतो, त्या नसेला सूज आणतो आणि तिच्याच वाटेने त्वचेपर्यंत येतो. नस आधी पेटते, फोड नंतर येतात. म्हणूनच शुक्रवारी आग आणि सोमवारी चट्टे. ही आग उजव्या बाजूला पोटात असेल तर पित्ताशयाचे खडे वाटतात, कमरेत असेल तर मूतखडा वाटतो.

प्रत्येक नस मणक्यातून निघून आपल्या बाजूने पुढे येते आणि शरीराच्या मधल्या रेषेशी संपते. डावीची नस उजवीकडे जात नाही. त्यामुळे नागीणही तिथेच थांबते.

मावशींच्या सासूबाई नव्वदीच्या आहेत. त्या घरूनच सांगून बसल्या होत्या की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही. मावशींनी मला विचारलेला पहिला प्रश्न औषधाचा नव्हता, “जुळंल का हो?” असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या सुनेला मोबाइलवर पाठीचा फोटो काढायला लावला आणि फोड मणक्यापाशी कसे थांबलेत ते मावशींना दाखवलं. दोन्ही बाजूंना पुरळ येणं फार क्वचित घडतं. ज्यांची प्रतिकारशक्ती खूप खालावलेली आहे त्यांच्यात कधी फोड मूळ पट्टी सोडून अंगभर पसरतात आणि तेव्हा हॉस्पिटलात दाखल करून शिरेतून औषध द्यावं लागतं. धोका त्या कमी पडलेल्या प्रतिकारशक्तीचा असतो, टोकं जुळण्याचा नसतो. फोटो बघून मावशींचा श्वास जरा खाली बसला.

आता औषधाचं. असायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची औषधं विषाणूला मारत नाहीत. तो स्वतःच्या प्रती काढत असतो ते काम बंद पाडतात. प्रती निघत असतील तेव्हाच त्यांचा उपयोग, आणि नागिणीत हे काम पहिल्या काही दिवसांतच जोरात चालतं. बहात्तर तासांची जी मर्यादा सांगतात ती यातूनच आली. मूळ चाचण्यांमध्येही पुरळ उठून ७२ तासांच्या आत आलेलेच पेशंट घेतलेले होते. मोजणी पहिल्या पुरळापासून करायची, दुखणं सुरू झाल्यापासून नाही आणि दवाखान्यात आल्यापासूनही नाही. त्र्याहत्तराव्या तासाला दार बंद होतं असंही नाही. नवे ठिपके येतच असतील, वय पन्नाशीपुढचं असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा डोळ्याचा भाग असेल तर उशिरा आलेल्यालाही आम्ही औषध देतो. पण जितकं लवकर तितका त्याचा हात पोचतो, हे खरं.

मलमाचा मात्र नागिणीत उपयोग नाही. ते वरच्या कातडीवर राहतं आणि विषाणू नसेत असतो. ट्यूब घेतल्याने मावशींच्या घरी ‘औषध चालू आहे’ असा समज झाला आणि एक अख्खा दिवस गेला. दुसरी चूक मी वरचेवर बघतो ती मात्रेची. ओठावर तापाचे फोड येतात त्या आजाराच्या हिशोबाने २०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा घेतलेले पेशंट येतात. मोठ्या माणसाला नागिणीत असायक्लोव्हिर लागतं ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. म्हणजे दिवसाला ४,००० मिलिग्रॅमऐवजी पोटात जातात ४००.

पाच वेळा म्हणजे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. शेतात जाणाऱ्या माणसाचा यातला एखादा डोस हमखास चुकतो. म्हणून मावशींना मी व्हॅलासायक्लोव्हिर दिलं, ज्याची नेहमीची मात्रा १,००० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस अशी आहे. पहिली गोळी साडेतीन वाजता दवाखान्यातच दिली आणि रक्त तपासायला पाठवलं. साखर वाढलेली असणार याचा अंदाज होता, खरी काळजी मूत्रपिंडाची होती, कारण ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात. संध्याकाळी सातला रिपोर्ट आला: साखर २६८, क्रिएटिनिन १.४. आकडा बघायला फार मोठा वाटत नाही, पण ६२ वर्षांच्या, ५२ किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत हिशोब केला तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३४ मिलिलिटर येते. इतक्या क्षमतेला १,००० मिलिग्रॅम दर बारा तासांनी पुरतं. तिसरा डोस मी त्याच रात्री फोन करून बंद केला. वयस्कर माणसात ही मात्रा जास्त झाली तर तो भ्रमात बडबडतो, नसलेली माणसं बघतो आणि घरचे समजतात नागीण डोक्यात गेली.

याच रिपोर्टमुळे शनिवारची माझी दुसरी चूकही समोर आली. अशा मूत्रपिंडांना डायक्लोफेनॅक द्यायला नको होतं. ते बंद केलं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० दर आठ तासांनी आणि नसेच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन रात्री १०० मिलिग्रॅम असं सुरू केलं. तीन दिवसांनी ते रात्री ३०० केलं, पुढच्या आठवड्यात ३०० दोनदा. इथेही मूत्रपिंडामुळे मला सावकाश जावं लागलं. या औषधाने गुंगी येते, म्हणून पहिले काही दिवस रात्री बाथरूमला जाताना सुनेने सोबत जायचं असं ठरवून दिलं. दुखणं दाबून ठेवणं ही चैन नाही. चार रात्री न झोपलेल्या बाईची साखर आटोक्यात येत नाही, ती जेवत नाही, औषधाचे डोस चुकवते. स्टेरॉइड दिलं नाही. साखर भडकली असती, आणि पुढे राहणारी कळ त्याने टळत नाही.

सून पाच महिन्यांची गरोदर होती. ती खोलीत उभी असताना हे विचारायचं राहून गेलं असतं तर पुढे मनस्ताप झाला असता. नागिणीच्या पेशंटपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात ते धोक्याचं असतं. तिने आईला फोन लावला. शाळेत असताना तिला कांजिण्या झाल्या होत्या, देवी आल्या म्हणून पंधरा दिवस घरी ठेवलं होतं, हे आईला नीट आठवत होतं. तसं नसतं तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासून लगेच पुढचं ठरवावं लागलं असतं. चार वर्षांच्या नातवाला मात्र ना कांजिण्या झालेल्या, ना लस मिळालेली. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पट्टी स्वच्छ सुती कापडाने झाकायची, मावशींचा टॉवेल वेगळा आणि नातवाने कुशीत झोपायचं नाही, एवढं सांगितलं. मावशींना सगळ्यात जड गेलं ते हेच.

शुक्रवारी पाहिलं तेव्हा नवा ठिपका नव्हता. सोमवारी फोड सुकायला लागले होते आणि पुढच्या गुरुवारी, पहिल्या चट्ट्यापासून अकराव्या दिवशी, सगळीकडे खपल्या होत्या. दुखणं मी दर भेटीला शून्य ते दहाच्या मापाने विचारत होतो. पहिल्या दिवशी मावशी म्हणाल्या होत्या, “नऊ.” दहाव्या दिवशी पाच, तिसऱ्या आठवड्यात तीन. खपल्या पडून गेल्यावरही कापसाचा बोळा फिरवला की त्यांचं अंग आकसायचं, ते कमी व्हायला सहा आठवडे लागले. गॅबापेंटिन अडीच महिन्यांनी हळूहळू कमी करत बंद केलं.

पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही कळ राहिली तर तिला नागिणीनंतरची नसेची कळ म्हणतात. नागिणीचा खरा जाच हाच, आणि वय वाढेल तसा त्याचा संभव वाढतो. मावशींना ती राहिली नाही. ती औषध वेळेत मिळाल्यामुळेच टळली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लवकर दिलेल्या औषधाने नवे फोड थांबतात, खपली लवकर धरते, पहिल्या आठवड्यांतलं दुखणं कमी होतं, याला चांगला आधार आहे. महिनोन्‌महिने राहणारी कळ त्याने टळते का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. असायक्लोव्हिरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा चार महिन्यांनंतरच्या कळेत ठळक फरक दिसला नाही. पेशंटला मी हे असंच सांगतो. तरीही लवकर या म्हणतो, कारण लवकर आलेल्या पेशंटची साखर, मूत्रपिंड, घरातली गरोदर बाई, लहान मूल हे सगळं वेळेत बघितलं जातं आणि दुखण्यावर पहिल्या रात्रीपासून उपाय सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी आलेले एक सत्तरीचे शेतकरी आजोबा मला यावेळी सारखे आठवत होते. दोनदा उतरवून घेऊन ते अकराव्या दिवशी आले. लेपाखाली फोड चिघळून पू झाला होता. पू आठवड्यात आटोक्यात आला, पण कळ वर्षभर राहिली. थंडीतही अंगावर सदरा न घालता ते ओसरीवर बसायचे. उतरवणाऱ्याचा गुण येतो असं लोकांना वाटतं, कारण नागिणीचे फोड काहीही केलं नाही तरी दोन ते चार आठवड्यांत जातात. लोकांशी मी त्यावर वाद घालत नाही. बाबांकडे जायचंच असेल तर आधी दवाखान्यात येऊन गोळ्या सुरू करा आणि जागेवर काही लावू नका, एवढं सांगितलं की बहुतेक घरं ऐकतात.

दोन जागांच्या बाबतीत मात्र मी अशी सवलत देत नाही. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कारण नाकाच्या शेंड्याला येणाऱ्या नसेचीच फांदी डोळ्याला जाते. आणि कानाजवळ फोड येऊन तोंड वाकडं होत असेल तरी त्याच दिवशी. तरण्या माणसाला नागीण झाली तर मी एचआयव्हीची तपासणीही सुचवतो, एकांतात आणि नीट समजावून.

चौथ्या महिन्यात मावशी साखरेच्या तपासणीला आल्या तेव्हा लसीचा विषय निघाला. पन्नाशीपुढच्यांसाठीची नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस घ्यायचे असतात. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती पुरळ पूर्ण बरं झाल्यावर देतात, कारण पुन्हा होऊ शकते. किंमत ऐकून मुलगा गप्प झाला. “ऊसाचं बिल आलं की बघू,” मावशीच म्हणाल्या, “पण आधी आत्याबाईंना द्या, त्यांचं वय झालंय.” खांद्याच्या पात्याखाली तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे, तिथे खाजवलेलं कळत नाही असं त्यांनी सांगितलं. मी कापसाचा बोळा घेतला, आधी उजवीकडे फिरवला, मग डावीकडे, आणि बधिर जागेची कड पेनाने आखून कागदावर मोजून लिहिली.